‘ॲ’ या स्वराचे तीन संकेतांक

मराठीच्या पानावर ‘ॲग्रो’ हा शब्द सहज वाचला जातो. पण संगणकात तो तीन वेगवेगळ्या रीतींनी साठवलेला असू शकतो. १९९१च्या पहिल्या युनिकोडमध्ये ‘ए’वर चंद्र असलेला ‘ऍ’ होता (U+090D). मराठी वळणाचा, ‘अ’वर चंद्र असलेला ‘ॲ’ नव्हता. तो U+0972 म्हणून आला २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. मधल्या सतरा वर्षांत कुणी ‘ऍ’वर भागवले, कुणी ‘अ’पुढे सुटा चंद्र (U+0905 U+0945) टंकित केला. युनिकोड ही जोडी वापरू नका असे सांगते, तरी ती टिकून आहे.

रुमानियन भाषेवर हीच वेळ आली होती. तिच्या ‘श’ आणि ‘त्स’ ध्वनींच्या दोन अक्षरांखाली स्वल्पविराम असतो (ș, ț). १९८७च्या संकेतमानकात मात्र त्या जागी तुर्कीसारखी शेपटी असलेली, ‘सेडिला’ची अक्षरे (ş, ţ) धरली गेली. स्वल्पविरामाची स्वतंत्र अक्षरे १९९९ मध्ये युनिकोड ३.० मध्ये आली, पण फॉन्ट आणि कळफलक मागे राहिले. म्हणून एकाच मजकुरात दोन्ही रूपे मिसळली. गंमत म्हणजे बऱ्याच फॉन्टांत ţ खाली स्वल्पविराम आणि ş खाली शेपटी काढलेली असे. त्यामुळे एकाच शब्दात दोन चिन्हे दिसत.

आमच्या नळदुर्गातल्या एका छोट्या कंपनीच्या संकेतस्थळाचा मजकूर मी वाचत होतो. मुखपृष्ठावर ‘ॲग्रो’, उत्पादनांच्या यादीत ‘अॅग्रो’ आणि संपर्काच्या पानावर ‘ऍग्रो’. पहिले रूप शोधले की बाकीची दोन सापडत नाहीत. अनुक्रमाचा घोळ त्याहून मोठा. केवळ संकेतांकांनी क्रम लावला, तर ‘ऍ’ ‘ए’च्या आधी बसतो, ‘अॅ’ ‘अ’च्या शब्दांच्या शेवटी, आणि ‘ॲ’ थेट ‘ह’च्याही नंतर. एकच उत्पादन यादीत तीन ठिकाणी!

‘ऍ’ तर डोळ्यांनाच ओळखू येतो. उरलेल्या दोघांची परीक्षा सोपी आहे. अक्षरानंतर कर्सर ठेवून एकदा मागे खोडावे: ‘ॲ’ बहुधा पूर्ण जातो, जोडीतून चंद्र जाऊन ‘अ’ उरतो. काही ठिकाणी जोडीत ठिपक्यांचे वर्तुळही उमटते.

युनिकोडचे प्रमाणीकरण येथे उपयोगी पडत नाही, कारण त्याच्या लेखी ही तिन्ही रूपे समतुल्य नाहीत. बदल आपणच करावा लागतो:

```
U+0905 U+0945 → U+0972
U+090D → U+0972
```

सुटा चंद्र मात्र कधीच सरसकट बदलू नये. ‘बॅटरी’ आणि ‘कॅन’ यांत त्याची जागा योग्यच आहे. आणि त्याच संकेतस्थळाचे हिंदी पान असेल, तर दुसरी ओळ तेथे चालवू नये. रुमानियनमध्येही हेच पथ्य आहे: तुर्की नावातला ş बदलला, तर ते नावच चुकते.