जीपीएसची उंची आणि नकाशावरची उंची

* जीपीएस उंची मोजते ती पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून. नकाशा मोजतो जिऑइडपासून, म्हणजे ढोबळमानाने सरासरी समुद्रपातळीपासून. महाराष्ट्रात जिऑइड लंबगोलाच्या साठेक मीटर खाली असल्याने जीपीएसचा कच्चा आकडा तेवढा कमी येतो. (काही यंत्रे ही दुरुस्ती स्वतःच करतात, ती दोनदा करू नये.) छोट्या मोजणीत यंत्र आधी ज्ञात उंचीच्या खुणेवर ठेवावे. समजा, खूण ५६०.२० मीटर आणि जीपीएस ४९६.१० दाखवते, फरक ६४.१०. मग ५१२.३५ दाखवणारी विहीर ५७६.४५ मीटरवर. मात्र जिऑइड कललेला असतो. म्हणून दुसऱ्या टोकाच्या खुणेवर पडताळावे. तिथे फरक बदलला, तर मधल्या बिंदूंना तो बदल अंतराच्या प्रमाणात वाटून द्यावा. — संपा.