लॅटिनचा आघात: मात्रा मोजणारी भाषा

मागच्या वेळी आपण लघु-गुरूची उजळणी केली होती. ऱ्हस्व स्वराचं मोकळं अक्षर लघु, त्याची एक मात्रा. दीर्घ स्वराचं किंवा व्यंजनाने बंद झालेलं अक्षर गुरू, त्याच्या दोन. वृत्तं शिकलेल्याला हे नवीन नाही. आज आपण पाहणार आहोत ती अशी भाषा, जिथे हाच हिशोब कवितेपुरता न राहता रोजच्या बोलण्यात आघात कुठे पडायचा ते ठरवत होता. ती भाषा लॅटिन.

पहिल्या शतकातल्या क्विंटिलियनने नियम नोंदवून ठेवला आहे. शेवटून दुसरं अक्षर गुरू असेल तर आघात त्याच्यावर, लघु असेल तर त्याच्या आधीच्यावर. 'अमीकुस' म्हणजे मित्र, इथे आघात 'मी'वर. 'दीकितुर' म्हणजे 'म्हटलं जातं', इथे 'कि' लघु म्हणून आघात मागे 'दी'वर.

पण लॅटिन नेहमीच अशी नव्हती, आणि हे आपल्याला शब्दांच्या पोटातूनच कळतं. 'फकिओ' म्हणजे 'मी करतो'. त्याला उपसर्ग लागला की 'कोन्फिकिओ' होतं, 'फ'चा 'फि' होतो. स्वर असा झिजतो तो आघात नसलेल्या जागी. आता क्विंटिलियनचा नियम लावून पाहा: शेवटून दुसरं 'कि' लघु, म्हणून आघात 'फि'वर. म्हणजे जो स्वर आघाताखाली भक्कम राहायला हवा, तोच झिजलेला! याचा उलगडा एकाच रीतीने होतो. स्वर झिजला तेव्हा आघात तिथे नव्हता, तो पहिल्या अक्षरावर, 'कोन्'वर होता. नंतर आघात सरकला, झीज मात्र तशीच राहिली. 'अमीकुस'चं 'इनिमीकुस', म्हणजे शत्रू, होताना 'अ'चा 'इ' झाला तोही याच जुन्या काळात.

मधल्या टप्प्याची खूण प्लॉटसच्या नाटकांत आहे. हा नाटककार इसवी सनापूर्वी १८४च्या सुमारास वारला. 'फकिलिउस' म्हणजे 'अधिक सोपं', ओळीने लघु अक्षरांचा शब्द. नंतरच्या नियमाने आघात 'कि'वर यायला हवा, पण प्लॉटसच्या पद्यात असे शब्द पहिल्या अक्षरावर जोर घेऊन बसतात.

आता आमच्या तत्त्वज्ञानवाल्यांची खोड. नियम सांगितला म्हणजे कारण सांगितलं असं होत नाही. शेवटून दुसरंच अक्षर का? ब्रूस हेज यांच्या १९९५च्या ग्रंथात यावर एक नेटकी मांडणी आहे. शेवटचं अक्षर हिशोबातून बाजूला ठेवायचं. उरलेल्यात उजवीकडून दोन मात्रांचा एक गण पाडायचा: एक गुरू, किंवा दोन लघु. आघात गणाच्या पहिल्या अक्षरावर. 'कोन्फिकिओ'तला 'ओ' सोडा, 'फि-कि' असा दोन लघूंचा गण, आघात 'फि'वर. 'अमीकुस'चा 'कुस' सोडा, 'मी' एकटाच गण. 'दीकितुर'मध्ये मात्र 'कि' एकटं, आणि 'दी'शी जोडावं तर तीन मात्रा होतात. म्हणून ते मध्येच अडकून राहतं आणि गण 'दी'चा. जागा नियमाने येते तीच, पण इथे मोजायचं परिमाण एकच, दोन मात्रा.

ही नुसती कागदावरची सोय नाही कशावरून? छोट्या शब्दांवरून. 'अल्तुस' म्हणजे उंच, त्यावरून क्रियाविशेषण 'अल्ते', आणि त्यातला 'ए' दीर्घ. (आपल्या लिपीत ऱ्हस्व 'ए' नाही, तेव्हा ऐकूनच घ्यावं लागेल.) 'बेने' म्हणजे 'चांगलं' आणि 'मले' म्हणजे 'वाईट', यांतला शेवटचा 'ए'ही मुळात दीर्घच. इथे शेवटचं अक्षर सोडलं तर एकच मात्रा उरते, गण बनत नाही. दोन्ही घेतली तर लघु-गुरू मिळून तीन. मग बोलणाऱ्यांनी काय केलं? शेवटचा स्वर ऱ्हस्व केला, म्हणजे एक आणि एक दोन. 'अल्ते'ला ही गरज नव्हती, 'अल्' आधीच गुरू.

पण हे सगळीकडे टिकलं नाही. 'अमा' म्हणजे 'प्रेम कर', याही आज्ञार्थाचा शेवट प्लॉटसकडे ऱ्हस्व होऊ शकतो, पुढे मात्र तो दीर्घच. कारण 'पोर्ता', 'लौदा' ही त्याची भावंडं दीर्घ होती, आणि क्रियापदांची रूपं एकमेकांना ओढून सरळ करतात. 'बेने'ला रोजच्या वापरात असा पाठीराखा नव्हता.

शेवटी एक अडचणीची जागा. 'इन्तेग्रुम' म्हणजे अखंड. 'ग्र' पुढच्या अक्षरात गेलं तर 'ते' लघु आणि आघात 'इन्'वर. 'ग्' अलीकडे राहिलं तर 'तेग्' गुरू आणि आघात तिथेच. आपल्या छंदःशास्त्रात जोडाक्षरापूर्वीचं अक्षर गुरू मानतात. अभिजात लॅटिनच्या बोलण्यात अशा जोडीपुढे ते लघुच राही, कवितेत मात्र दोन्ही चालत. पद्यात मधलं अक्षर गुरू धरलं की आघातही तिकडे जातो, हे क्विंटिलियननेच 'वोलुक्रेस' म्हणजे पक्षी या शब्दावरून दाखवलं आहे. लोकांच्या तोंडी पुढे काय झालं, ते स्पॅनिश सांगते. तिथे या 'इन्तेग्रुम'चा 'एन्तेरो' झाला, आणि आघात 'ते'वर.