ऋण वजन असेल तर डाइक्स्ट्रा अल्गोरिदम का चुकतो?

ग्राफमध्ये सर्वांत कमी खर्चाचा मार्ग शोधताना डाइक्स्ट्रा अल्गोरिदम दर वेळी सर्वांत जवळचा नोड निवडतो आणि त्याचे अंतर कायमचे पक्के करतो. वाट वाढली की खर्च कमी होणार नाही, हे त्यामागचे गृहीतक. एखाद्या कडेचे वजन ऋण असेल तर ते मोडू शकते.

समजा, 'अ'पासून 'ब' २ वर आणि 'क' ५ वर आहे. 'क' ते 'ब' कडेचे वजन उणे ४ आणि 'ब' ते 'ड'चे १. अल्गोरिदम आधी 'ब'ला २, मग 'ड'ला ३ पक्के करतो. 'क'ची पाळी शेवटी येते. 'क'मार्गे 'ब' फक्त १ वर आणि 'ड' २ वर असतो, पण ते दोन्ही नोड आधीच बंद झालेले असतात. उत्तर चुकते, तरी कसलीही सूचना मिळत नाही.

सगळ्या वजनांत ४ मिळवूनही भागत नाही. 'ब'चा थेट मार्ग ६ होतो, 'क'मार्गे ९. जास्त कडांच्या मार्गावर जास्त भार पडतो.

अशा वेळी बेलमन-फोर्ड अल्गोरिदम वापरतात. तो कोणताही नोड घाईने बंद न करता सर्व कडा पुन्हा पुन्हा तपासतो. नोडच्या संख्येपेक्षा एक कमी इतक्या फेऱ्यांनंतरही अंतर घटले, तर ग्राफमध्ये ऋण चक्र आहे. त्यात फिरत राहिल्यास खर्च घटतच जातो, म्हणून तिथे सर्वांत कमी खर्चाचा मार्गच नसतो.