आमचा रामा

परवा सुनेने मोबाईलवरून माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या मागवल्या. थोड्याच वेळात मुलगा दारात हजर! त्याचं नाव आधीच स्क्रीनवर आलं होतं. मला एकदम आमचा रामा आठवला.

साठच्या दशकात गिरगावच्या आमच्या चाळीत रामागडी असे. कोकणातून आलेला हा गडी चार-पाच बिऱ्हाडांची वरकामं करी. पहाटे आरेच्या दूध केंद्रावर रांग लावणं हे पहिलं काम. आरे वसाहत १९४९ची. प्रत्येक घराचं कार्ड वेगळं, आणि रिकामी काचेची बाटली दिल्यावरच भरलेली मिळे. एखादी फुटली की भरपाई कोणी द्यायची, यावरून जिन्यात वाद ठरलेला.

मग रेशन. मुंबईत ते १९४३ साली, युद्धकाळात सुरू झालं आणि पुढे रांगा राहिल्याच. नोकरी करणाऱ्या जोडप्याला रांगेला वेळ नसे, वरच्या मजल्यावरच्या एकट्या आजींना जिना झेपत नसे. रामाला वाचता येत नव्हतं, म्हणून आजी चिठ्ठीऐवजी पुरचुंड्या देत : एकीत तांदळाचे पैसे, दुसरीत रॉकेलचे. उरलेली चिल्लर त्याच पुरचुंडीत परत येई. हिशोब चुकलेला मला आठवत नाही.

अशा प्रत्येक गड्याला सगळे रामाच म्हणत. आमच्या रामाचं खरं नाव विचारावं, हे आम्हाला कधी सुचलंच नाही.

गोळ्यांवाल्या मुलाला मी नावाने हाक मारून पाणी विचारलं. "नको आजोबा, पुढची ऑर्डर आहे," म्हणत तो जिना उतरलासुद्धा.