व्हिनेगरमध्ये मुरवलेली अंडी

उकडून सोललेली अंडी व्हिनेगर, मीठ व मसाल्यांच्या द्रावणात मुरवून हा पदार्थ करतात. तो ब्रिटन व अमेरिकेत प्रचलित आहे.

कृती

अंडी कडक उकडून, गार करून सोलतात. निर्जंतुक केलेल्या गरम काचेच्या बरणीत ती भरून, पूर्ण बुडतील इतके उकळते द्रावण ओततात. झाकण लावून बरणी शीतकपाटात ठेवतात. लहान अंडी मुरण्यास १ ते २ आठवडे, तर मोठ्या अंड्यांना २ ते ४ आठवडे लागतात.

साठवण

आंबटपणा बलकापर्यंत सावकाश पोहोचतो. तोपर्यंत तेथे, हवेच्या अभावी वाढणारा क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जीवाणू विष निर्माण करू शकतो. १९९७ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय राज्यात एका पुरुषाला घरी मुरवलेल्या अंड्यांतून अशी विषबाधा झाली. ती अंडी टूथपिकने टोचलेली होती व बरणी सात दिवस शीतकपाटाबाहेर होती. टोचल्यामुळे जीवाणू बलकात शिरू शकतात. द्रावण आंबट असूनही बलकातील विषाचे प्रमाण अधिक आढळले.

म्हणून अंडी टोचू नयेत. मुरत असतानाही बरणी शीतकपाटातच ठेवावी व अंडी ३ ते ४ महिन्यांत संपवावीत. वास किंवा चवीवरून हे विष ओळखता येत नाही. त्यामुळे बाहेर राहिलेली अंडी न चाखता टाकून द्यावीत.