डुकराचे मांस : खांदा, पाठ आणि पोट

डुकराच्या धडातून मिळणारे मांसाचे तीन मोठे भाग. दुकानात ते शोल्डर, लॉइन आणि बेली या नावांनी विकले जातात. खांदा म्हणजे पुढच्या पायाचा वरचा भाग, पाठ म्हणजे कण्याच्या दोन्ही बाजूंची लांब पट्टी आणि पोट म्हणजे बरगड्यांखालचा, हाड काढलेला सपाट तुकडा. तिन्हींतील चरबीचे प्रमाण वेगळे असतेच. पण ती चरबी मांसात कोठे असते आणि सोबत चिवट तंतू किती असतात, यावर शिजवण्याची रीत ठरते.

चरबीचे प्रमाण. जनावराची जात, वय, खाद्य आणि खाटकाने चरबी किती छाटली यांनुसार आकडे बदलतात. चरबी न छाटलेल्या 100 ग्रॅम कच्च्या मांसात पाठीच्या भागात साधारण 12 ते 13 ग्रॅम, खांद्यात 18 ग्रॅम आणि पोटात 53 ग्रॅम चरबी असते. पाठीच्या मांसातील बहुतेक चरबी त्यावर थर होऊन बसलेली असते. तो थर काढला की आतल्या मांसात जेमतेम 6 ग्रॅम चरबी उरते. खांद्यात अनेक लहान स्नायू एकमेकांना जोडलेले असतात आणि त्यांच्या सांध्यांत चरबी पसरलेली असते. ती सुरीने पूर्ण काढता येत नाही. पोटात मांस आणि चरबी यांचे थर एकाआड एक रचलेले असतात, वजनाचा निम्मा भाग चरबीचाच असतो.

मऊपणा कशामुळे येतो. चालताना डुकराचा पुढचा भार खांद्यावर येतो. सतत राबणाऱ्या या स्नायूंना बांधून ठेवणारे कोलॅजेन नावाचे चिवट प्रथिन येथे भरपूर असते. पाठीच्या स्नायूला इतके कष्ट नसतात, म्हणून त्यात कोलॅजेन कमी असते. मांस तापू लागले की त्यातील प्रथिने आकसतात आणि पाणी बाहेर पडते. 65 अंश सेल्सिअसच्या पुढे हे पाणी झपाट्याने जाते. कोलॅजेन मात्र 70 अंशांच्या वर, तेही तासाभराच्या किंवा त्याहून अधिक काळाच्या ओलसर उष्णतेत, हळूहळू विरघळून जिलेटिन होते. खांद्याचे मांस शिजताना पाणी गमावते, तरी जिलेटिन आणि वितळलेली चरबी तंतूंना वेढून घेतात, म्हणून घास रसदार लागतो. पाठीकडे या दोन्हींचा साठा नसतो. गेलेले पाणी भरून काढायला तिथे काहीच उरत नाही.

एकाच हंडीतील तिन्ही भाग. हा फरक विंदालूमध्ये स्पष्ट दिसतो. पोर्तुगीजांच्या लसूण आणि वाइनमध्ये मुरवलेल्या मांसाच्या पदार्थापासून गोव्यात विंदालू झाला. इथे वाइनची जागा माडीच्या व्हिनेगरने घेतली आणि सुक्या मिरच्यांची भर पडली. नावातला ‘आलू’ सारखा ऐकू येणारा भाग लसणाच्या पोर्तुगीज शब्दाचा आहे, बटाट्याचा नव्हे. वसई-मुंबईच्या ईस्ट इंडियन घरांत याचेच भावंड इंद्याल या नावाने बनते.

समजा, वाटण आणि व्हिनेगर लावून रात्रभर ठेवलेले तिन्ही भागांचे सुमारे चार सेंटिमीटरचे तुकडे एकत्र मंद आचेवर ठेवले. अर्ध्या तासाने पाठीचा तुकडा शिजलेला असतो. त्यानंतरचे प्रत्येक मिनिट त्याला कोरडा करत जाते. खांद्याचा तुकडा तेव्हा रबरासारखा लागतो. बरेच जण येथेच मांस वाईट निघाले असे समजून आच वाढवतात. तसे केल्याने तुकडे बाहेरून तुटतात आणि आतून चिवटच राहतात. आच तशीच मंद ठेवली तर दीड तासाच्या सुमारास खांद्याचा तुकडा चमच्याच्या कडेने तुटू लागतो. तोवर पाठीच्या तुकड्याचे सुके दोरे झालेले असतात. रश्शात पूर्ण बुडालेला असूनही तो कोरडाच लागतो, कारण बाहेरचा रस आकसलेल्या तंतूंत परत शिरत नाही. पोटाचा तुकडा मऊ होतो, पण हंडीवर चरबीचा जाड तवंग येतो आणि व्हिनेगरची धार बोथट होते.

म्हणून विंदालूसाठी खांदा घ्यावा. मांसातली चरबी कमी वाटली तर किलोमागे 150 ते 200 ग्रॅम पोटाचे तुकडे मिसळावेत. रात्रभर ठेवल्यावर वर गोठलेली चरबी हवी तितकी काढून घेता येते. दुसऱ्या दिवशी मसालाही मुरलेला असतो.

खांदा. रस्सा, मंद भाजणे आणि धुरावर शिजवणे या रीती त्याला मानवतात. अमेरिकेच्या कॅरोलिना भागात अखंड खांदा अनेक तास धुरावर ठेवून त्याचे मांस धाग्याधाग्याने सोडवतात. अशा अखंड तुकड्याचे आतले तापमान 90 ते 95 अंशांपर्यंत न्यावे लागते. मधले हाड हाताने हलवल्यावर सैल लागले की मांस तयार झाले.

पाठ. जलद आणि कोरडी उष्णता हिच्यासाठी योग्य. दोन-अडीच सेंटिमीटर जाडीचे चॉप तव्यावर भाजावेत किंवा अखंड तुकडा ओव्हनमध्ये 180 अंशांवर ठेवावा. आधी लिटरभर पाण्यात 50 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात चॉप दोन तास बुडवले तर मांस पाणी अधिक धरून ठेवते. वरचा चरबीचा थर भाजून होईपर्यंत काढू नये. येथे वेळेपेक्षा तापमापक भरवशाचा. अमेरिकेच्या कृषी खात्याने 2011 मध्ये अखंड तुकड्यांसाठी 63 अंश आणि नंतर तीन मिनिटांची विश्रांती पुरेशी ठरवली. भारतात मात्र उघड्यावर चरणाऱ्या डुकरांच्या मांसात पट्टकृमीच्या अळ्यांची गाठोडी असू शकतात. कच्च्या मांसात ती तांदळाच्या दाण्याएवढ्या पांढुरक्या फोडांसारखी दिसतात. असे मांस घेऊच नये. जनावर कोठे वाढले हे ठाऊक नसेल तर पाठीचे मांसही 71 अंशांपर्यंत शिजवावे आणि थोडा कोरडेपणा पत्करावा.

पोट. याला दोन टप्प्यांची उष्णता लागते : आधी मंद, मग तीव्र. सालीवर उभ्या-आडव्या चिरा पाडाव्यात, पण त्या मांसापर्यंत जाऊ देऊ नयेत. साल पुसून, मीठ लावून फ्रिजमध्ये उघडी ठेवली की सुकते. नंतर 150 अंशांवर सुमारे दोन तास भाजावे. तेवढ्यात चरबी वितळते आणि मांसाचे थर मऊ होतात. शेवटी 220 अंशांवर 20 ते 30 मिनिटे ठेवले की साल फुलून कुरकुरीत होते. साल ओली राहिली तर ती फुलत नाही, कातड्यासारखी चामट होते. चीनमधील हांगचौचा तुंगपो हा पदार्थ साल कुरकुरीत न करता, सोया सॉस आणि तांदळाच्या मद्यात पोटाचे चौकोनी तुकडे मंद आचेवर शिजवून करतात. मिठात मुरवून धुरावलेले पोट म्हणजे अमेरिकी पद्धतीचा बेकन. ब्रिटनमध्ये बेकन मुख्यतः पाठीच्या मांसाचा करतात, म्हणून तो कमी चरबीचा असतो.

अदलाबदल. खांद्याच्या जागी पोट वापरता येते, मात्र तवंग काढावा लागतो. पोटाच्या जागी खांदा घेतला तर कुरकुरीत साल मिळेलच असे नाही. बराच वेळ शिजणाऱ्या रश्शात खांद्याऐवजी पाठ कधीही घालू नये.