फ्रिजचं दार रात्रभर उघडं राहिलं तर काय ठेवावं, काय टाकावं?

रात्री बिर्याणीचं पातेलं कसंबसं आत कोंबलं, दार बोटभर उघडं राहिलं आणि सकाळी मोटर घरघरतेय, खणांवर पाणी साचलंय. अशा वेळी घरातली मंडळी आधी वास घेऊन बघतात. आम्ही सांगू की वासावर जाऊ नका. आजारी पाडणारे जंतू वाढले तरी अन्नाला वास येईलच असं नाही.

बघायचं असतं तापमान. फ्रिज ५ अंशांच्या आत हवा. शिजवलेलं अन्न, गोश्त, दूध यापेक्षा गरम होऊन दोन तासांवर राहिलं तर ते खाऊ नये. दार उघडल्या उघडल्या आत ठेवलेला थर्मामीटर ५ किंवा त्याखाली दाखवत असेल, तर काही टाकायची गरज नाही. दार लावून तासभराने बघितलं तर आकडा फसवा येतो. थर्मामीटर नसेल तर दार अकराला लावलं आणि सकाळी सहाला उघडं दिसलं, म्हणजे सात तास गेले असं धरा.

आता पातेल्याकडे येऊ. बिर्याणी चांगली उकळी आणून, वाफ काढून खाऊ, असं बऱ्याच घरांत म्हणतात. घोळ इथेच होतो. तांदळात एक जंतू असतो, त्याचं बीज भात शिजला तरी मरत नाही. भात कोमट राहिला की ते जागं होतं, वाढतं आणि विष सोडतं. पुन्हा गरम केल्यावर जंतू मरतील, पण हे विष तसंच राहतं आणि काही तासांत उलट्या सुरू होतात. म्हणून बिर्याणी, साधा भात, खिमा, सालन, डाळ, उकडलेली अंडी, कच्चं गोश्त-मासे, दूध, शीरखुर्मा, कापलेली फळं हे सगळं टाकायचं. जीवावर येतं, मान्य आहे. पण ते कामवाल्या बाईंनाही देऊ नका. पोट त्यांनाही आहे.

लोणचं, जॅम, सॉस, लोणी, तूप, अख्ख्या भाज्या आणि फळं राहू द्या. आलं-लसणाची घरची पेस्ट मात्र टाका.

फ्रीझरचं दार वेगळं असेल आणि ते बंद असेल, तर तिथला माल बहुधा ठीक असतो. गोश्तात बर्फाचे कण हाताला लागत असतील तर पुन्हा गोठवता येतं, फक्त चव थोडी उतरते. मऊ आणि कोमट झालं असेल तर नाही.

दार पातेल्यामुळे अडलं नसेल, तर रबर तपासा. दारात कागद धरून लावा आणि ओढा. सहज निघाला तर तिथलं रबर सैल झालंय. आधी कोमट साबणाच्या पाण्याने पुसून बघा. बऱ्याचदा चिकटलेला मसालाच आडवा येत असतो.